तक्रार गुप्त ठेवूनही नाव का फुटतं, आणि बदलीला कोर्टात का अडवता येत नाही

प्रश्न: "मी इंदूरमध्ये राज्य सरकारच्या एका बांधकाम खात्यात उपयंत्री आहे. एका ड्रेनेज लाइनच्या कामात जेवढे पाइप टाकले त्यापेक्षा कितीतरी जास्त लांबीचं बिल निघतंय. भ्रष्टाचार उघड करणाऱ्यांना संरक्षण देणारा कायदा २०१४ मध्ये झाला असं वाचलं. त्याखाली तक्रार केली तर नाव खरंच गुप्त राहील का? बदली-निलंबनापासून संरक्षण मिळेल का? की गप्पच बसावं?"

उत्तर:

आधी कायद्याचं सांगते, कारण त्याच्या भरवशावर पाऊल उचललंत तर नुकसान होईल. व्हिसल ब्लोअर्स प्रोटेक्शन ॲक्ट संसदेनं मंजूर केला आणि मे २०१४ मध्ये त्याला राष्ट्रपतींची संमतीही मिळाली. पण त्याच्या पहिल्याच कलमात लिहिलंय की केंद्र सरकार अधिसूचना काढून जी तारीख ठरवील त्या तारखेपासून तो लागू होईल. ती अधिसूचना निघालेली नाही. म्हणजे कायदा पुस्तकात आहे, अंमलात नाही. मी इंदूर खंडपीठात कर्मचाऱ्यांची सर्व्हिस मॅटर्स चालवते. याचिकेत या कायद्याचं कलम ११ टाकून आलेले लोक मी पाहिलेत. सरकारी वकील उभा राहून "हा कायदा लागू नाही" एवढंच म्हणतो आणि तो मुद्दा तिथेच संपतो.

त्या कलम ११ मध्ये काय होतं हे मात्र कळायला हवं, कारण आपल्याकडे नेमकं काय नाही ते त्यावरून समजतं. तक्रार करणाऱ्यावर कारवाई झाली आणि तो "हा सूड आहे" म्हणाला, तर ती कारवाई सुडाची नाही हे सिद्ध करण्याची जबाबदारी त्या कलमाने खात्यावर टाकली होती. नाव फोडणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद होती. या दोन तरतुदी लागू असत्या तर तुमच्या प्रश्नाचं उत्तर वेगळं आलं असतं. २०१५ मध्ये सरकारने दुरुस्ती विधेयक आणलं, त्यात अनेक प्रकारची माहिती उघड करायलाच मनाई होती. ते लोकसभेत मंजूर झालं, राज्यसभेत पडून राहिलं आणि २०१९ मध्ये लोकसभेची मुदत संपल्यावर रद्द झालं. मूळ कायदा होता तिथेच राहिला.

मग आज काय आहे? केंद्र सरकारचा २१ एप्रिल २००४ चा एक ठराव आहे, पीआयडीपीआय नावाने ओळखला जातो. राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणातले इंजिनिअर सत्येंद्र दुबे यांनी पंतप्रधान कार्यालयाला पत्र लिहून रस्त्याच्या कामातला भ्रष्टाचार कळवला होता आणि नाव गुप्त ठेवायची विनंती केली होती. पत्र नावासकट खात्यात फिरलं. २७ नोव्हेंबर २००३ ला गयेत त्यांची हत्या झाली. खटल्यात ती लुटीच्या वेळची हत्या ठरली, पण पत्र फिरलं होतं ही गोष्ट त्याने पुसली जात नाही. त्यानंतर हा ठराव आला आणि केंद्रीय दक्षता आयोगाला अशा तक्रारी घ्यायचा अधिकार मिळाला.

इंदूरमध्ये रेल्वेत, राष्ट्रीयीकृत बँकेत किंवा केंद्राच्या दुसऱ्या एखाद्या संस्थेत असलेले कोणी हे वाचत असतील, तर त्यांच्यासाठी हा रस्ता बरा आहे. तक्रार बंद पाकिटात दिल्लीला आयोगाच्या सचिवांच्या नावे पाठवायची. पाकिटावर पीआयडीपीआयखालची तक्रार आहे असं लिहायचं, स्वतःचं नाव पाकिटावर नाही. नाव-पत्ता आतल्या पत्राच्या सुरुवातीला किंवा शेवटी, नाहीतर सोबतच्या वेगळ्या कागदावर. मजकुरात ओळख पटेल असं काही नको. ईमेलने पाठवायची नाही आणि दुसऱ्या कुणालाही प्रत द्यायची नाही, कारण प्रत दुसरीकडे गेली की गुप्तता पाळणं आयोगाच्या हातात राहत नाही. निनावी तक्रार चालत नाही. आयोग पत्र पाठवून "ही तक्रार तुमचीच ना?" असं विचारतो, त्याला वेळेत उत्तर द्यावं लागतं. पुढे छळ झाला तर आयोगाकडे दाद मागता येते.

पण हे सगळं केंद्राच्या कर्मचाऱ्यांविरुद्धच्या तक्रारींसाठी आहे. तुमचे वरिष्ठ, म्हणजे कार्यपालन यंत्री, राज्याचे कर्मचारी. त्यांच्यावर आयोगाचा अधिकार चालत नाही. कामाला केंद्राच्या योजनेचा पैसा असला तरी त्याने फरक पडत नाही, कारण अधिकार माणसावर चालतो, पैशावर नाही. मध्यप्रदेशात तुम्हाला लोकायुक्त आहे, आर्थिक गुन्ह्यांचं ईओडब्ल्यू आहे, खात्याचा दक्षता कक्ष आहे आणि सीएम हेल्पलाइन १८१ आहे. ही सगळी चौकशी करणारी दारं आहेत. तुमची नोकरी सांभाळण्याची जबाबदारी यातल्या कुणावर नाही.

आता तुमचा खरा प्रश्न. नाव गुप्त राहणं आणि सुडापासून वाचणं या दोन गोष्टी तुम्ही एकत्र मागताय. सगळेच मागतात. पण आजच्या व्यवस्थेत त्या एकमेकींच्या आड येतात. कशा येतात ते माझ्याकडच्या एका प्रकरणातून सांगते. माणूस ओळखू येऊ नये म्हणून गाव, हुद्दा आणि आकडे बदललेत, गोष्टीचा क्रम तसाच आहे.

माळव्यातल्या एका गावात ३०० मिलिमीटर व्यासाच्या पाइपांची ड्रेनेज लाइन. जमिनीखाली सुमारे ६०० मीटर गेली होती. एम.बी.मध्ये म्हणजे माप पुस्तिकेत ८४० मीटर चढवली आणि बिल तेवढ्याचं निघालं. माझे अशील तिथे उपयंत्री, पण हे माप त्यांचं नव्हतं. ते रजेवर असताना दुसऱ्याने घेतलेलं. परत आल्यावर पुस्तिका त्यांच्या ताब्यात आली तेव्हा त्यांना ते दिसलं. त्यांनी तीन पानांची झेरॉक्स काढली, निनावी तक्रार लिहिली, झेरॉक्स जोडली आणि लोकायुक्तांना पाठवली. कलेक्टर आणि मुख्य अभियंत्यांना प्रती दिल्या. आठवडाभरात काही हललं नाही म्हणून मेहुण्याच्या मोबाइलवरून सीएम हेल्पलाइनवरही नोंदवली.

नाव फुटलं, आणि गंमत नव्हे तर दुःख असं, की फोडलं कुणीच नाही. हेल्पलाइनची तक्रार सर्वात आधी एल-१ अधिकाऱ्याकडे जाते. म्हणजे ज्या कार्यालयाची तक्रार, बहुधा त्याच कार्यालयातल्या किंवा त्याच्या लगतच्या अधिकाऱ्याकडे. तक्रारदाराशी बोलून ती निकाली काढणं हे त्याचं कामच असल्याने नंबरही त्याच्यासमोर येतो. इथे एल-१ त्यांचेच वरिष्ठ, एसडीओ होते. मेहुण्याला फोन आला, तो घाबरला, काही बोलला नाही, पण गाव लहान होतं. दुसरीकडे कलेक्टर कार्यालयाने नेहमीच्या पद्धतीने तक्रार "नियमानुसार कार्यवाहीसाठी" खात्याकडे धाडली, झेरॉक्ससकट. त्या झेरॉक्सवर एसडीओंच्या तपासणीची लाल टिकमार्क नव्हती, मूळ पानावर होती. म्हणजे झेरॉक्स टिकमार्कच्या आधीची. त्या दिवसांत पुस्तिका कुणाकडे होती हे आवक-जावक रजिस्टरने सांगितलं. एकच नाव होतं.

कायद्यात "तक्रारदाराचं नाव गुप्त ठेवावं" असं कितीही कडक लिहिलं तरी ते फक्त नाव लिहिलेल्या कागदापुरतं चालतं. सरकारी कार्यालयात माणूस ओळखला जातो तो त्याला काय माहीत होतं आणि कधी माहीत होतं त्यावरून. तक्रार जितकी भक्कम, तितके ती लिहू शकणारे लोक कमी. आणि ती मोघम लिहिली तर "तथ्यहीन" शेरा मारून नस्तीबद्ध होते, म्हणजे बंद होते. या कोंडीतून कुठलाही ठराव वाट काढून देत नाही.

त्यात २०१८ पासून आणखी एक टप्पा आलाय. भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यात कलम १७अ घातलं गेलं. अधिकाऱ्याने कामाच्या ओघात घेतलेल्या निर्णयाबद्दल किंवा केलेल्या शिफारशीबद्दल चौकशी किंवा तपास सुरू करायचा तर पोलिसांना सक्षम अधिकाऱ्याची आधी परवानगी लागते. लाच घेताना रंगेहाथ पकडायला लागत नाही. परवानगीसाठी तीन महिने, वाढवून आणखी एक. खोटं माप चढवणं हा "निर्णय" कसा म्हणता येईल, असा वाद घालता येतो. पण तपास यंत्रणा पुढे खटला पडू नये म्हणून परवानगी मागून मोकळ्या होतात. परवानगीच्या प्रस्तावात आरोपाचा गोषवारा असतो आणि तो प्रस्ताव मंत्रालयातून खात्याच्या टेबलांवरून जातो. म्हणजे तपास सुरू व्हायच्या आधीच ज्यांना कळायला नको त्यांना कळलेलं असतं, आणि पुरावा सावरायला त्यांना काही महिने मिळतात. त्या गावात चौकशीचं पथक पोचेपर्यंत लाइनीवर सीमेंटचा रस्ता झाला होता.

आता सूड कसा घेतला जातो ते पाहा. कुणी आवाज चढवला नाही. पहिल्यांदा त्यांच्याकडचा झोन काढून दुसऱ्याला दिला, कार्यालयीन सोयीसाठी. मग शंभर किलोमीटरवरच्या कार्यालयात अटॅचमेंट. मग प्रशासकीय आधारावर बदली. मग जुन्या एका रस्त्याचं डांबर उखडल्याबद्दल कारणे दाखवा. सीआरची म्हणजे वार्षिक गोपनीय अहवालातली श्रेणी उतरली. आणि शेवटी आरोपपत्र: शासकीय अभिलेखाच्या प्रती विनापरवानगी बाहेर दिल्या. यातला प्रत्येक कागद एकेकटा घेतला तर कायदेशीर आहे. झोन बदलतात, बदल्या होतात, कारणे दाखवा निघते. सूड दिसतो तो सगळे कागद तारखेनुसार ओळीने लावल्यावर, आणि कोर्टासमोर मात्र ते एकेक करून जातात.

बदलीला आव्हान दिलं. मध्यप्रदेशात प्रशासकीय न्यायाधिकरण राहिलेलं नाही, त्यामुळे थेट हायकोर्टात रिट. बदलीत कोर्ट सहसा हात घालत नाही. अधिकार नसलेल्याने केली, नियम मोडून केली किंवा दुर्भावनेने केली, एवढीच कारणं चालतात. आम्ही दुर्भावना म्हणालो. त्यावर कोर्टाचे प्रश्न ठरलेले असतात आणि ते रास्तही असतात: दुर्भावना कुणाची, त्या व्यक्तीला नावाने पक्षकार केलंय का, आणि तक्रार यांनी केली हे त्या व्यक्तीला माहीत होतं याला पुरावा काय? खात्याचं उत्तर दोन ओळींचं आलं: तक्रार निनावी आहे, ती कुणी केली याची खात्याला माहिती नाही, बदली प्रशासकीय गरजेतून केली आहे. आम्हीच निनावी राहायचं ठरवलं होतं. आता आम्हालाच सिद्ध करायचं होतं की त्यांना आम्ही माहीत होतो. कोर्टाने खात्याकडे अभ्यावेदन म्हणजे लेखी विनंतीअर्ज द्यायला सांगितलं आणि खात्याला ते ठराविक मुदतीत सकारण आदेशाने निकाली काढायला सांगितलं. खात्याने ते सकारण फेटाळलं.

गुप्ततेची आणि संरक्षणाची वाट एक नाही असं मी म्हणते ते यामुळे. लपून राहिलात तर सूड सिद्ध करता येत नाही. समोर आलात तर सूड घ्यायला त्यांना कष्ट पडत नाहीत. कलम ११ ने सिद्ध करायचा बोजा खात्यावर टाकला असता तर ही कात्री बरीच बोथट झाली असती. तेच कलम लागू नाही. मध्यप्रदेशातल्या व्यापम या परीक्षा-भरती घोटाळ्याचंच घ्या. तो उघड करणारे इंदूरचे डॉ. आनंद राय स्वतः सरकारी नोकरीत होते. २०१५ मध्ये त्यांची धारला आणि सरकारी डॉक्टर असलेल्या पत्नीची उज्जैनला बदली झाली तेव्हा त्यांना हायकोर्टात जावं लागलं. प्रकरण देशभर गाजत असताना, माणूस सगळ्यांना माहीत असताना ही गत, तर लहान गावातल्या उपयंत्र्याचं काय होत असेल याचा विचार करा.

म्हणून तुम्हाला मी असं सुचवेन की दोन्ही दगडांवर पाय ठेवू नका. पूर्ण लपून राहा, नाहीतर पूर्ण उघड या. माझ्या अशिलांसारखं अर्धवट राहणं सगळ्यात वाईट: खात्याला नाव कळलेलं, आणि कोर्टात मात्र ते कळलं असल्याचा पुरावा नाही. कोणती वाट घ्यायची हे तीन गोष्टींवर ठरेल, आणि त्या तुम्ही प्रश्नात लिहिलेल्या नाहीत.

पहिली आणि सर्वात महत्त्वाची: त्या मापाखाली सही कुणाची आहे? तुमची असेल, दबावाखाली केलेली असली तरी, तर तुम्ही एकाच वेळी तक्रारदार आणि आरोपी आहात. केंद्राचा ठराव असो की न आलेला कायदा, स्वतःच्या सहभागाला कुणीही माफी देत नाही. माफीचा साक्षीदार करायचा अधिकार कोर्टाचा, तोही बऱ्याच पुढच्या टप्प्यावर. अशा वेळी एक ओळही लिहायच्या आधी फौजदारी वकिलाला भेटा. लोकायुक्तांना पाठवलेलं पत्रच पुढे तुमच्याविरुद्ध वाचलं जाऊ शकतं.

दुसरी: बिलाचं पैसे देणं झालंय की व्हायचंय? "निघतंय" असं तुम्ही लिहिलंय, त्यावरून अजून सगळं गेलेलं नाही असं धरते. तसं असेल तर तक्रारीच्याही आधीचं आणि तिच्यापेक्षा मजबूत हत्यार तुमच्या हातात आहे, ते म्हणजे नोटशीट, फाइलमधलं शेरे लिहायचं पान. फाइल तुमच्याकडून जाणार असेल तर त्यावर साध्या भाषेत लिहा: "स्थळ पाहणीत अमुक तारखेला चेंबर इतके आढळले, एम.बी. क्रमांक अमुक, पान अमुक वर नोंद इतकी आहे, फरक तपासल्याशिवाय देयक पुढे पाठवता येत नाही." खाली तारखेसह सही. ही तक्रार नाही, हे तुमचं काम आहे. तुम्ही काही बाहेर दिलं नाही, कुणावर आरोप केला नाही, आचरण नियमांचा भंग झाला नाही. आणि वरची फाइल पाहणाऱ्या प्रत्येकाला ते त्या तारखेला कळलं, हे सरकारी कागदावरच नोंदलं गेलं. पुढे बदली आली तर "त्यांना माहीत होतं याला पुरावा काय" हा प्रश्न उरतच नाही. फाइल पुढे देण्याआधी त्या नोंदीचा दिनांक आणि जावक क्रमांक स्वतःच्या डायरीत लिहून ठेवा. पान बदललं गेलं तर क्रमांकावरून कळतं.

फाइल तुमच्याकडून जात नसेल तर ऑडिट आहे. महालेखाकार कार्यालयाचं पथक आलं की ते प्रश्न विचारतं आणि कागद मागतं. त्यांच्या लेखी प्रश्नाला खरं लेखी उत्तर देणं हेही कर्तव्यच आहे. पथक कधी येईल ते आपल्या हातात नसतं, एवढीच त्याची मर्यादा.

तिसरी: ही गोष्ट तुमच्याशिवाय किती लोकांना माहीत असू शकते? लपून राहायचं ठरवलंत तर सगळी भिस्त यावर आहे. लिहिण्याआधी प्रत्येक वाक्याला हे विचारा. हे ठेकेदाराच्या मजुराला माहीत असेल का? गल्लीतल्या रहिवाशाला, लेखा शाखेतल्या बाबूला, कॉम्प्युटर ऑपरेटरला? फक्त तुम्हालाच माहीत असेल तर ते वाक्य काढा, कितीही जोरदार असलं तरी. कागद जोडू नका, कागद कुठे आहे तेवढं सांगा, आणि तेही बऱ्याच जणांच्या हाताखालून गेलेल्या कागदाचं. फोनने काढलेले फोटो तर अजिबात नकोत, त्यांत वेळ आणि ठिकाण दडलेलं असतं. मूळ कागद घरी नेणं म्हणजे आरोपपत्र स्वतःच्या हाताने लिहून देणं.

मग उरतं काय, असं तुम्ही विचाराल. बरंच उरतं. त्या माळव्यातल्या प्रकरणात शेवटी टिकलं ते चेंबरचं गणित, पुस्तिकेची झेरॉक्स नव्हे. नकाशाप्रमाणे दर तीस मीटरला एक चेंबर. ६०० मीटरला एकवीस झाकणं दिसायला हवीत, ८४० मीटरला एकोणतीस. रस्त्यावर एकवीसच होती. सीमेंटचा रस्ता झाला तरी झाकणं वर ठेवावीच लागतात, नाहीतर लाइन साफ कशी करणार? पाइप खणून मोजायला परवानगी लागते, मशीन लागतं आणि खड्डा पुन्हा भरून द्यावा लागतो. झाकणं संध्याकाळी फिरायला निघालेला कुणीही मोजू शकतो. मंजूर कामाची लांबी आणि बिलाची रक्कम माहितीच्या अधिकारात कोणताही नागरिक मागू शकतो. या दोन गोष्टींवर उभी असलेली तक्रार शेकडो लोक लिहू शकले असते, म्हणूनच ती कुणा एकावर येत नाही. आणि ती मोघमही नाही. पुढे दुसऱ्या चौकशीत याच फरकावर ठेकेदाराच्या पुढच्या बिलातून वसुली निघाली. मात्र ही माहिती मागायला मित्राला किंवा नातेवाइकाला पुढे करणार असाल तर त्याला धोका पूर्ण समजावून सांगा. तळेगावचे माहिती अधिकार कार्यकर्ते सतीश शेट्टी जानेवारी २०१० मध्ये मारले गेले, ते आपल्या लोकांनी विसरू नये. माहितीचा अर्ज करणारा माणूस उघडाच असतो.

उघड यायचं ठरवलंत तर अर्धं उघडं राहू नका. नाव, हुद्दा, पत्ता, सही, तारीख, शपथपत्र. लोकायुक्त आणि तुमचे शिस्तभंग अधिकारी, दोघांना त्याच दिवशी द्या आणि दोन्हीकडून पोच घ्या. शेवटच्या परिच्छेदात स्पष्ट लिहा की या माहितीमुळे माझ्यावर बदली किंवा चौकशीची कारवाई होण्याची मला भीती आहे, आणि आजपर्यंत माझ्याविरुद्ध कोणतीही चौकशी प्रलंबित नाही. हे दुसरं वाक्य खूप कामाचं आहे. नंतर जुनी प्रकरणं उकरली गेली की तारखाच बोलतात. मागच्या वर्षांचे सीआर आधीच मागून ठेवा. सीआरमधली प्रत्येक नोंद कर्मचाऱ्याला कळवलीच पाहिजे, हे सुप्रीम कोर्टाने २००८ मध्ये देव दत्त प्रकरणात सांगितलंय. तक्रारीपर्यंत चढती आणि तक्रारीनंतर एकदम उतरती श्रेणी, एवढा एक तक्ता कोर्टाला बरंच काही सांगतो. वर्तमानपत्राकडे मात्र लगेच जाऊ नका, तिथे आचरण नियम तुमच्याविरुद्ध जातात.

जिवाची भीती हा वेगळा भाग आहे. त्यासाठी २०१८ ची साक्षीदार संरक्षण योजना आहे, सुप्रीम कोर्टाने महेंद्र चावला प्रकरणात ती देशभर लागू केली. अर्ज जिल्ह्यातल्या सक्षम प्राधिकरणाकडे करायचा, पोलीस धोक्याचा अहवाल देतात, त्यावर संरक्षण ठरतं. पण ती साक्षीदारांसाठी आहे. गुन्हा नोंदल्याशिवाय आणि तुम्ही त्यात साक्षीदार असल्याशिवाय तिचा उपयोग फारसा नाही. आणि मिळालेलं संरक्षण कसं असतं हे ग्वाल्हेरने पाहिलंय. व्यापम उघड करणारे आशीष चतुर्वेदी सायकलवर आणि त्यांच्या रक्षणाला दिलेला पोलीसही सायकलवर.

आता समजा आदेश आलाच. बदलीचा आदेश हातात पडल्यावर बहुतेक लोक रजेवर जातात किंवा कार्यमुक्त व्हायला नकार देतात. तसं करू नका. तुम्हाला एकतर्फी कार्यमुक्त करतील आणि नंतरचा काळ अनधिकृत गैरहजेरी धरला जाईल. मग सुडाचा मुद्दा बाजूला पडतो आणि तुमची गैरहजेरीच केस होऊन बसते. नव्या जागी रुजू व्हा, रुजू होताना "अभ्यावेदनाच्या अधिकाराला बाधा न येता" असं लिहा, मग अभ्यावेदन द्या, त्यानंतर कोर्टात या. बदली शिक्षेऐवजी केली असेल तर ती टिकत नाही, हे सुप्रीम कोर्टाने सोमेश तिवारी प्रकरणात म्हटलंय, आणि ते प्रकरण भोपाळहून शिलाँगला पाठवलेल्या अधिकाऱ्याचंच होतं. निलंबन झालं तर तारीख मोजत राहा. तीन महिन्यांत आरोपपत्र दिलं नाही तर निलंबन पुढे चालू ठेवता येत नाही, असं अजय कुमार चौधरी प्रकरणात २०१५ मध्ये ठरलंय. आरोपपत्र मिळालं तर उत्तराची मुदत चुकवू नका. चौकशी चालू असेपर्यंत समयमान वेतन अडतं आणि मध्येच निवृत्ती आली तर ग्रॅच्युइटीही थांबते. खात्याला चौकशी लांबलेली चालते, तुम्हाला परवडत नाही.

आणि जागा सोडताना प्रभार तोंडी देऊ नका. तुमच्याकडच्या प्रत्येक एम.बी.चा क्रमांक, त्यातली शेवटची भरलेली पानं, कोरी पानं, सोबतची व्हाउचर्स, हे सगळं प्रभार सूचीत लिहून घेणाऱ्याची सही घ्या आणि एक प्रत कार्यालयात आवक करून पोच ठेवा. तो सही द्यायला टाळत असेल तर सूची रजिस्टर्ड डाकेने कार्यपालन यंत्र्यांना पाठवा. वादातली माप पुस्तिका महिन्याभरात "सापडत नाही" असं झाल्याची प्रकरणं मी पाहिली आहेत, आणि हरवल्याची पहिली नोटीस आधीच्या उपयंत्र्यालाच जाते.